दोन ट्रान्सफॉर्मर पॅरलल जोडण्याआधी व्हेक्टर ग्रुप तपासून घ्या

समजा, कारखान्यात ५०० केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर चालू आहे. लोड वाढला म्हणून तेवढ्याच क्षमतेचा, रिवाइंड केलेला दुसरा शेजारी बसवायचा आहे. दोन्ही ११ केव्ही/४३३ व्होल्टचे, टॅप सारखा, इम्पीडन्स दोन्हींचा ४.५ टक्के. इतकं जुळलं की केबल ओढायला घेतात, आणि नेमप्लेटवरची व्हेक्टर ग्रुपची नोंद बघायची राहून जाते.

आपल्याकडे वितरण ट्रान्सफॉर्मरवर बहुधा ‘डीवायएन ११’ लिहिलेलं असतं. एचटी वाइंडिंग डेल्टामध्ये, एलटी स्टारमध्ये, न्यूट्रल बाहेर काढलेला. ११ हा घड्याळातला आकडा आहे. एचटीचा आर फेज १२ वर धरला तर एलटीचा आर फेज ११ वर येतो, म्हणजे ३० अंश पुढे. ‘डीवायएन १’ मध्ये तोच ३० अंश मागे असतो.

हा फरक डेल्टा कशी बांधली त्यावर ठरतो. आर कॉइलचं शेवटचं टोक वाय कॉइलच्या सुरुवातीला जोडलं तर ११, बी कॉइलच्या सुरुवातीला जोडलं तर १. रिवाइंडिंगमध्ये हे तीन जोड उलटे बांधले गेले तरी प्लेट जुनीच राहते. एलटीला फेज-फेज ४३३ व्होल्टच मिळतात, मोटारी नीट फिरतात. एकटा चालतोय तोवर काही कळत नाही.

पॅरलल केल्यावर मात्र दोघांत ६० अंशांचं अंतर पडतं. एका आर फेजला न्यूट्रलपासून २५० व्होल्ट, दुसऱ्यालाही २५०, मध्ये ६० अंशांचा कोन. हा समभुज त्रिकोण झाला, म्हणून दोन्ही आर टर्मिनलांमध्येही २५० व्होल्टच उभे राहतात. त्यांना अडवायला फक्त दोन ट्रान्सफॉर्मरांचा मिळून ९ टक्के इम्पीडन्स आहे. ५०० केव्हीएचा फुल लोड करंट सुमारे ६६७ अँपिअर. त्याच्या ११ पट, म्हणजे साधारण ७,४०० अँपिअर दोघांमध्येच फिरतात, तेही एकही मशीन चालू नसताना. हा शॉर्ट सर्किटच आहे. टॅप बदलून तो कमी होत नाही, कारण चूक व्होल्टेजच्या आकड्यात नसून कोनात आहे.

तपासणी दोनदा करावी. पहिली, ट्रान्सफॉर्मर बसवण्याआधी. एचटीला ४१५ व्होल्ट थ्री फेज द्या. एलटीला चुकूनही देऊ नका, एचटी बुशिंगवर १० हजारांहून जास्त व्होल्ट येतील. फेज सिक्वेन्स बघून घ्या, मग एचटीचा आर आणि एलटीचा आर एका वायरने जोडा. आता एलटी न्यूट्रलपासून एचटीच्या तिन्ही फेजपर्यंत मोजा. आरपर्यंत सुमारे ९.४ व्होल्ट दिसतील. ग्रुप ११ असेल तर वायपर्यंत ४०५.६ आणि बीपर्यंत ४१०.४, ग्रुप १ असेल तर हेच दोन आकडे उलटे. फरक जेमतेम ५ व्होल्टचा आहे, आणि सप्लाय तेवढा तर सहज हलतो. म्हणून प्रत्येक वेळी त्या क्षणीचा आर-वाय आणि आर-बी व्होल्टेजही सोबत लिहून ठेवा. आर-न्यूट्रल आणि न्यूट्रल-वाय यांची बेरीज आर-वायइतकी आली की ग्रुप ११ नक्की.

दुसरी तपासणी जागेवर. नवा ट्रान्सफॉर्मर एचटीकडून चार्ज करा, त्याचा एलटी ब्रेकर उघडा ठेवा, दोन्ही न्यूट्रल एकमेकांना जोडलेले असल्याची खात्री करा. न्यूट्रल सुटे असतील तर मीटर भलतेच आकडे दाखवतो. मग ब्रेकरच्या दोन्ही बाजूंना आर-आर, वाय-वाय, बी-बी मोजा. तिन्ही शून्याजवळ हवेत. तिन्ही २५० आले तर ६० अंशांची चूक आहे, १३०च्या आसपास आले तर ३० अंशांची. एक शून्य आणि दोन ४३३ आले तर फक्त दोन केबलची अदलाबदल झाली आहे. दिव्याने बघायचं तर २३० व्होल्टचा एकच दिवा वापरू नका. काही चुकीच्या जोडण्यांत ५०० व्होल्टपर्यंत येतात, म्हणून सारख्या वॉटचे तीन दिवे सिरीजमध्ये घ्या.

ग्रुप १ निघाला तर टाकी उघडायची गरज नाही. त्या ट्रान्सफॉर्मरच्या एचटीला वाय आणि बी अदलाबदल करा आणि एलटीलाही तेच दोन फेज अदलाबदल करा. उलट्या सिक्वेन्समुळे ३० अंश मागे होता तो पुढे जातो, आणि एलटीच्या बदलाने सिक्वेन्स पुन्हा सरळ होतो. फक्त एकाच बाजूला बदल केला तर काम बिघडेल. बदलानंतर जागेवरची तपासणी पुन्हा करा आणि दोन्ही केबल बॉक्सवर रंगाने खूण करा, नाहीतर पुढचा इलेक्ट्रिशियन ‘चूक’ समजून ते सरळ करेल.

दुसरा ट्रान्सफॉर्मर स्टार-स्टार, म्हणजे ‘वायवायएन ०’ असेल तर मात्र बाहेरून केबल कशाही फिरवा, ३० अंशांचा फरक जात नाही. त्याला वेगळा पॅनेल द्या आणि बस कपलरला असा इंटरलॉक लावा की दोन्ही इनकमर चालू असताना कपलर लागणारच नाही.