पांढरी पट्टी आतून की बाहेरून?

३४ वर्षांचा एक तरुण मध्यरात्री छातीत कळ आली म्हणून रुग्णालयात येतो. आठवडाभरापूर्वी ताप आणि घसादुखी होऊन गेलेली. ईसीजीमध्ये एसटी रेषा उचललेली, रक्तातलं ट्रोपोनिन कितीतरी पटींनी वाढलेलं. हृदयस्नायूच्या पेशी फुटल्याशिवाय ट्रोपोनिन असं रक्तात उतरत नाही. तातडीने अँजिओग्राफी होते आणि तिन्ही मुख्य धमन्या स्वच्छ निघतात. बाहेर बसलेली आई विचारते, ‘‘डॉक्टर, नळ्या मोकळ्या आहेत म्हणता, मग माझ्या पोराला झटका आला कशाने?’’

ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत, पण असे रुग्ण आमच्या एमआरआय विभागात नेहमी येतात. आईचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचं उत्तर अँजिओग्राफीत मिळत नाही. अँजिओग्राफी धमनीची पोकळी दाखवते, त्या धमनीवर जगणारा स्नायू दाखवत नाही. शक्यता मुख्यतः दोन. एक म्हणजे धमनीत गुठळी अडकली आणि तपासणीपर्यंत विरघळून गेली. तसं असेल तर हा खराखुरा हार्ट अटॅक. दुसरी म्हणजे मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयस्नायूचा दाह, जो बहुतेकदा विषाणूच्या संसर्गामागून येतो. दोन्हींत छातीत दुखतं, दोन्हींत ट्रोपोनिन वाढतं. औषधं मात्र वेगळी आणि पुढचं आयुष्यही वेगळं.

कार्डिअॅक एमआरआयमध्ये हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. हा धातू नुसता दिला तर विषारी असतो, म्हणून तो एका मोठ्या रेणूच्या पकडीत बंद करून देतात. या रेणूचा एक गुण इथे कामाला येतो: तो रक्तातून पेशींच्या मधल्या फटींत जातो, पण धडधाकट पेशीच्या आत शिरू शकत नाही. निरोगी हृदयस्नायूत पेशी एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे फटी थोड्या आणि गॅडोलिनियमही थोडं. पेशी मेल्या की त्यांची आवरणं फाटतात आणि पूर्वी बंद असलेली जागा उघडी पडते. काही आठवड्यांनी तिथे व्रण तयार होतो तेव्हाही स्थिती तीच राहते, कारण व्रणात पेशी तुरळक आणि धाग्यांमधली मोकळी जागा भरपूर. अशा जागी गॅडोलिनियम जास्त साठतं आणि उशिरा निघून जातं. म्हणूनच इंजेक्शननंतर १० ते २० मिनिटं थांबून चित्रं घेतात. ‘लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट’ या नावातलं ‘लेट’ ते हेच. आम्ही बोलताना नुसतं एलजीई म्हणतो.

चित्र घेण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. आधी एक रेडिओ-लहर सोडून ऊतींचं चुंबकत्व पूर्ण उलटं करतात. मग ते हळूहळू पूर्ववत होऊ लागतं आणि वाटेत एका क्षणी शून्यातून जातं. त्या क्षणी ऊतीकडून काहीच संदेश येत नाही, चित्रात ती काळी दिसते. गॅडोलिनियम जितकं जास्त, तितकं हे परतणं वेगाने होतं. निरोगी स्नायू शून्यावर असताना व्रणातला स्नायू तो टप्पा ओलांडून पुढे गेलेला असतो. नेमका तोच क्षण पकडला की निरोगी स्नायू कोळशासारखा काळा आणि बिघडलेला भाग पांढराशुभ्र दिसतो. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्रावर हा क्षण साधारण २५० ते ३०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. शरीरातलं गॅडोलिनियम कमी होत जातं तसा तो मिनिटामिनिटाला पुढे सरकतो, त्यामुळे तंत्रज्ञाला तो आकडा तपासणी चालू असतानाच वाढवत न्यावा लागतो. आकडा खूप कमी ठेवला तर साध्या पद्धतीच्या चित्रात निरोगी स्नायू उजळ आणि व्रण काळपट दिसू शकतो, म्हणजे निदान अगदी उलटं. हल्लीच्या यंत्रांवर चुंबकत्व उलटं आहे की सुलटं, हे उणे-अधिक चिन्ह सांभाळणारी पद्धत असते, तिने ही चूक बरीच टळते.

पांढरं दिसलं म्हणजे तिथे बिघाड आहे, इतकं कळलं. तो कशाचा, हे त्या पांढऱ्याच्या जागेवरून ठरतं.

हृदयाच्या धमन्या स्नायूच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून धावतात आणि तिथून बारीक फांद्या आत शिरतात. डाव्या कप्प्याची भिंत साधारण एक सेंटीमीटर जाड. तिचा सर्वांत आतला थर म्हणजे या पाणीपुरवठ्याचं शेवटचं घर. शिवाय हृदय आवळतं तेव्हा सर्वांत जास्त दाब आतल्या थरावरच येतो, त्यामुळे त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा. धमनी बंद पडली की पहिला मरतो तो हा थर. १९७०च्या दशकात रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की स्नायूचा मृत्यू आतल्या थरापासून सुरू होतो आणि काही तासांत लाटेसारखा बाहेरच्या थराकडे सरकत जातो. धमनी लवकर उघडली तर लाट अर्ध्या वाटेत थांबते. म्हणून हार्ट अटॅकचा व्रण लहान असो वा मोठा, तो आतल्या कडेला चिकटलेला असतो, आणि ज्या धमनीचा तो इलाका तिच्या हद्दीतच असतो.

पांढऱ्याची जाडीही बोलकी असते. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांच्या गटाने २००० साली ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धमनीचा अडथळा दूर करण्याआधी त्यांनी एलजीई चित्रं घेतली आणि नंतर भिंतीची हालचाल सुधारते का ते पाहिलं. नीट न हलणाऱ्या ज्या भागांत पांढरं अजिबात नव्हतं, त्यांतले ७८ टक्के सुधारले. भिंतीच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक जाडी पांढरी असलेल्या ५८ भागांपैकी सुधारला फक्त एक. त्या स्नायूला रक्त पोचवून फारसं काही साधणार नव्हतं, आणि हे आता आधीच कळू लागलं.

मायोकार्डायटिसमध्ये धमन्यांच्या नकाशाला काही अर्थ उरत नाही. दाहाचा पांढरेपणा बहुधा भिंतीच्या बाहेरच्या कडेला किंवा मधोमध दिसतो, विशेषतः डाव्या कप्प्याच्या मागच्या-बाजूच्या भिंतीत, आणि आतली कड काळी, शाबूत राहते. त्यामुळे चित्र समोर आलं की मी सगळ्यात आधी आतली कड बघतो.

आता आपल्या तरुणाकडे. चौथ्या दिवशी तो यंत्रात गेला. आठ मिलिमीटर जाडीच्या चकत्या, प्रत्येकीसाठी दहा-बारा सेकंद श्वास रोखायचा. आकुंचन जवळपास ठीक, मागच्या-बाजूच्या भिंतीची हालचाल किंचित मंद. सूज दाखवणाऱ्या टी२ चित्रांत तीच भिंत उजळ. एलजीईमध्ये त्याच जागी बाहेरच्या कडेने एक पांढरी पट्टी, दोन-तीन मिलिमीटर रुंद, मधे थोडी तुटलेली.

इथे घाई करून चालत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना फसवणारे पांढरे शेजारी असतात. बाहेर हृदयाभोवतीची चरबी, जी या चित्रांत पांढरीच दिसते. आत कप्प्यातलं रक्त, ज्यात गॅडोलिनियम मिसळलेलं असतं, त्यामुळे आतल्या कडेचा पातळ व्रण त्या रक्तात मिसळून नजरेतून निसटू शकतो. चित्रातला एक ठिपका दीडेक मिलिमीटरचा, म्हणजे आपली ही पट्टी जेमतेम दोन ठिपक्यांची. म्हणून चरबीचा संदेश दाबून चित्र पुन्हा घेतलं. पट्टी तशीच राहिली, म्हणजे ती चरबी नव्हे. काटकोनातल्या दुसऱ्या प्रतलातही ती त्याच जागी दिसली, म्हणजे हालचालीने उमटलेली खोटी रेघही नव्हे. शेवटी रक्त काळं करणाऱ्या पद्धतीने आतली कड तपासली. ती सलग काळी होती.

टी२ मधली सूज आणि आतली कड सोडून असलेलं एलजीई, या दोन खुणा एकत्र आल्या की निदान भक्कम होतं. ‘लेक लुईस निकष’ म्हणून ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय कसोटी २०१८च्या सुधारणेपासून जवळपास याच जोडीवर उभी आहे. अहवालात मायोकार्डायटिस लिहिलं. त्यामुळे अटॅक समजून सुरू झालेल्या, गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या त्याच्या डॉक्टरांनी बंद केल्या, आणि दाह ओसरेपर्यंत धावणं, व्यायामशाळा, क्रिकेट सगळ्याला मनाई झाली. दाह झालेल्या स्नायूवर जोराच्या श्रमाचा ताण आला तर ठोक्यांची जीवघेणी गडबड होऊ शकते, म्हणून ही मनाई काटेकोर पाळायची असते.

हीच आतल्या कडेची खूण कार्डिओमायोपॅथीतही उपयोगी पडते. हृदय फुगून मोठं झालं, आकुंचन निम्म्यावर आलं, तर कारण जुना, न कळलेला अटॅक की स्नायूचाच आजार? आतल्या कडेला चिकटलेलं पांढरं दिसलं तर संशय अटॅककडे जातो. स्नायूच्याच आजारात, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत, पुष्कळदा काहीच पांढरं दिसत नाही. दिसलं तर दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या ऐन मध्यातून गेलेली बारीक रेघ असते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातून २०१३ साली आलेल्या अभ्यासात अशा ४७२ रुग्णांपैकी १४२ जणांत मध्यथरातला हा व्रण होता. पुढच्या पाचेक वर्षांत व्रण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के दगावले, नसलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के. एवढीशी रेघ, पण ती दिसली की डॉक्टर त्या रुग्णाच्या ठोक्यांवर जास्त बारीक लक्ष ठेवतात. भिंत जाड होत जाणाऱ्या हायपरट्रॉफिक प्रकारात पांढरे डाग विखुरलेले, बहुधा सर्वांत जाड भागात आणि उजवा कप्पा पडद्याला जिथे जुळतो तिथे.

या पद्धतीचं बळ तुलनेत आहे आणि मर्यादाही तिथेच. कुठेतरी निरोगी स्नायू असेल तरच त्याला काळं करून बाकीचं पांढरं दाखवता येतं. सगळ्या हृदयभर सारखाच बारीक तंतुमयपणा पसरला असेल तर काळं-पांढरं वेगळं पडत नाही आणि चित्र निरोगी भासू शकतं. अशा वेळी टी१ मॅपिंगने प्रत्येक ठिपक्याचं चुंबकत्व पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, तो आकडाच मोजावा लागतो. अॅमायलॉइडोसिसमध्ये, म्हणजे हृदयात विकृत प्रथिनं साचण्याच्या आजारात, तंत्रज्ञ सांगतो, ‘‘सर, स्नायू काळा होतच नाहीये.’’ कोणताही आकडा लावा, स्नायू नीट काळा होत नाही आणि कधी कधी रक्तच त्याच्याआधी काळं पडतं. अनुभवी माणूस तिथेच सावध होतो, कारण या आजारात ते न जमणं हीच मोठी खूण असते.

मूत्रपिंडं फार अशक्त असतील तर गॅडोलिनियम शरीरात रेंगाळतं, म्हणून इंजेक्शनआधी क्रिएटिनिन बघतात आणि घट्ट पकड असलेली संयुगं वापरतात.

सहा महिन्यांनी तो तरुण पुन्हा आला. टी२ चित्रांत सूज नव्हती. बाहेरची पट्टी बरीच आक्रसली होती, मधला तुटलेला भाग पूर्ण काळा झाला होता. ‘पांढरं ते मेलेलं’ असं एक सोपं वाक्य आमच्या क्षेत्रात रुळलं आहे. ताज्या दाहाला ते लागू पडत नाही, कारण पहिल्या चित्रातला काही पांढरेपणा सुजेने रुंदावलेल्या फटींचा होता आणि सुजेबरोबर तो गेला. जी बारीक रेघ उरली तो व्रण, आणि तो राहणार. आईने विचारलं, ‘‘आता खेळायला जाऊ दे का?’’ ठोक्यांची चोवीस तासांची नोंद आणि ट्रेडमिल चाचणी बाकी होती. त्या दोन्ही होईपर्यंत थांबा, असं तिला सांगितलं.