क्रिएटिन घेताय आणि क्रिएटिनिन वाढलंय? पुन्हा तीच टेस्ट करण्याआधी हे वाचा

कोल्हापुरात तालमी आणि जिम दोन्हींची कमी नाही, त्यामुळे आमच्या लॅबच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग घडतो. पंचवीस-तिशीतला धडधाकट मुलगा नोकरीच्या किंवा विम्याच्या मेडिकलसाठी किडनीची तपासणी, म्हणजे केएफटी, करून घेतो. क्रिएटिनिन जास्त येतं, रिपोर्टवर तो आकडा ठळक छापला जातो आणि रात्री नऊ वाजता त्याच्या आईचा फोन येतो, "मशीन बिघडलंय का तुमचं?"

मशीन बिघडलेलं नसतं. क्रिएटिनिन रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना लावून, तो बरोबर आल्यावरच चालू होतं. रक्तात खरोखरच तेवढं क्रिएटिनिन असतं. प्रश्न एवढाच, की ते किडनीमुळे साठलंय की पावडरीमुळे वाढलंय. हे क्रिएटिनिनच्या टेस्टवरून कळत नाही, ती कितीही वेळा केली तरी.

नावांत फरक एका 'नि'चा आहे, म्हणून घोळ होतो. क्रिएटिन म्हणजे तुम्ही डब्यातून घेता ती पावडर. शरीरातही ते मुळात असतंच. सत्तर किलोच्या माणसात साधारण १२० ग्रॅम, बहुतेक सगळं स्नायूंमध्ये. त्यातलं दीड ते दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. पावडर घेतली की स्नायूंतला साठा वाढतो, म्हणजे रोज तयार होणारं क्रिएटिनिनही वाढतं. किडनीचं काम आहे तेवढंच चालू असतं, पण रक्तातला आकडा वर जातो. आमचं सॉफ्टवेअर त्याच आकड्यावरून ई-जीएफआर काढतं, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज. पावडरीचं त्या समीकरणाला काही ठाऊक नसतं. त्यात फक्त वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन जातं.

आता ज्या चुकीमुळे तुमचे पैसे आणि आमचा वेळ जातो, ती सांगते. लोक दोन दिवस पावडर बंद करतात आणि पुन्हा क्रिएटिनिन करायला येतात. वरचा हिशोब पाहा. साठ्यातून रोज जेमतेम दोन टक्के कमी होणार असतील, तर दोन दिवसांत काय उतरणार? स्नायू मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन दिवसांनी आकडा तसाच येतो आणि मग घरच्यांची खात्रीच पटते, "बघ, पावडर सोडली तरी वाढलेलंच आहे."

एका ग्राहकाच्या संमतीने त्याचे आकडे देते. वय २९, वजन ८८ किलो, दीड वर्षापासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन. क्रिएटिनिन आलं १.६२ मिलिग्रॅम, ई-जीएफआर ५९. साठच्या खाली आकडा गेला की मूत्रपिंडाच्या आजाराची शंका घेतली जाते, त्यामुळे घरात रडारड. दोन दिवस पावडर बंद करून, न विचारता, पुन्हा टेस्ट: १.५७, ई-जीएफआर ६१. तिसऱ्या खेपेला वडील सोबत आले तेव्हा कुठे पावडरीचा विषय निघाला. फॉर्मवर 'सुरू असलेली औषधे' या रकान्यात त्याने 'काही नाही' लिहिलं होतं. पावडर म्हणजे औषध नव्हे, असं त्याला वाटत होतं. पहिल्या टेस्टच्या आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला होता, हेही तेव्हाच कळलं. शिजवलेल्या मटणात तयार क्रिएटिनिन असतं आणि काही तास तेही आकड्यात भर घालतं.

त्याच दिवशी आम्ही किडनीची दुसरी टेस्ट, सिस्टॅटिन-सी, लावली. आलं ०.८६ मिलिग्रॅम प्रति लिटर, त्यावरून ई-जीएफआर १०८. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडलं नाही. त्याच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून किडनी ठीक असल्याचं सांगितलं. हौस म्हणून त्याने सहा आठवडे पावडर सोडून पुन्हा क्रिएटिनिन केलं: १.२८, ई-जीएफआर ७८. म्हणजे पावडर गेल्यावरही क्रिएटिनिन त्याला कमीच गुण देतं, कारण ८८ किलोतला मोठा भाग स्नायूंचा आहे.

सिस्टॅटिन-सी हे एक छोटं प्रथिन आहे. केंद्रक असलेली शरीरातली प्रत्येक पेशी ते तयार करते, जवळपास एकाच गतीने. त्याचा क्रिएटिनशी संबंध नाही, मटणाशी नाही आणि स्नायूंशी फारच थोडा. किडनी ते गाळते आणि तिथेच त्याचे तुकडे होतात. गाळणं मंदावलं, की रक्तात त्याची पातळी चढते. काही ठिकाणी दोन्ही टेस्ट एकत्र करून एकच ई-जीएफआर छापतात. एरवी ते चांगलंच, पण क्रिएटिन घेणाऱ्याच्या बाबतीत त्या सरासरीत पावडरीची चूकही शिरते. म्हणून आम्ही दोन्ही आकडे वेगळे छापतो.

सिस्टॅटिनही फसतं, हे लपवणार नाही. थायरॉइड वाढलेलं असेल तर ते जास्त येतं, कमी असेल तर कमी. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या चालू असतील, धूम्रपान असेल, लठ्ठपणा किंवा अंगात मोठी सूज असेल, तरी ते वर जातं. हे फॉर्मवर लिहा. आणि कुस्तीच्या वजनासाठी पाणी तोडलेलं असताना तर येऊच नका. तेव्हा किडनीकडे जाणारं रक्तच कमी होतं आणि दोन्ही आकडे खरोखर चढतात. लघवीची तपासणी करायची असेल तर आदल्या दिवशी जड व्यायाम नको, त्याने अल्ब्युमिन तात्पुरतं दिसू शकतं.

सिस्टॅटिनही जास्त आलं, किंवा लघवीत अल्ब्युमिन सापडलं, तर 'पावडरीमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. ते पावडरीचं काम नव्हे. रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे जा.

"एवढी महाग का?" हे रोज ऐकतो. क्रिएटिनिन स्वस्त रसायनावर होतं. सिस्टॅटिनला अँटिबॉडी लावलेलं रिएजंट लागतं आणि किट एकदा उघडलं की ठरावीक दिवसांत संपवावं लागतं. म्हणून आम्ही ही टेस्ट फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी लावतो, आणि प्रत्येकाला करायला सांगतही नाही. पावडर न घेणाऱ्या, साध्या अंगकाठीच्या माणसाला क्रिएटिनिन पुरतं. पण वरच्या मुलाने तीन खेपा, दोन जादा क्रिएटिनिन आणि एक रजा यांत घातलेले पैसे एका सिस्टॅटिनपेक्षा जास्त भरले.

उपाशी यायची गरज नाही. पावडर बंद करायचीही नाही, फक्त किती ग्रॅम आणि कधीपासून हे काउंटरवर सांगा, आम्ही ते रिपोर्टवर नोंदवतो. केएफटी आमच्याकडे आधीच झाली असेल तर सीरम आम्ही चार दिवस फ्रिजमध्ये ठेवतो. तेवढ्यात फोन केलात तर त्याच नमुन्यावर सिस्टॅटिन लागतं, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. फोन मात्र संध्याकाळी सातच्या आत करा.