प्रशांतचा पश्या होतो, मग प्रशू कोण?

मराठी मुलगी नवऱ्याचं किंवा मित्राचं नाव लाडाने मोडते तेव्हा तिला कुणी नियम शिकवलेले नसतात. तरी ती ते मनाला येईल तसं मोडत नाही. प्रशांतला ती पश्या म्हणेल, प्रशू म्हणेल, पण 'शांत्या' म्हणण्याची शक्यता फार कमी. नावाची सुरुवात राखायची आणि शेपूट कापायचं, हा या खेळातला पहिला नियम.

कापलेल्या नावाच्या शेवटी मग 'या' किंवा 'ऊ' लागतो. आधी 'या' बघू. नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, त्याला पुढचं व्यंजन जोडायचं आणि तिथेच कापायचं. सचिनचा उरतो 'सच्', त्याला 'या' लावला की सच्या. नितीनचा नित्या, गणेशचा गण्या, ओंकारचा ओंक्या. हीच नावं मोठ्याने म्हणून पाहा. 'या'च्या आधीच्या व्यंजनावर जोर येतो आणि सच्या जवळपास 'सच्च्या' असा ऐकू येतो. राहुलची पंचाईत इथेच होते. 'ह'वर असा जोर देता येत नाही, त्यामुळे 'राह्या' सहसा कानावर पडत नाही. मंडळी पूर्ण नावालाच 'या' जोडून 'राहुल्या' करतात.

आता प्रसाद घ्या. कापल्यावर उरतं 'प्रस्'. सुरुवातीच्या 'प्र'मधला र गळतो, 'पस्' राहतं. त्याला 'या' लावल्यावर 'पस्या' व्हायला हवं, पण आपण म्हणतो पश्या. हा श लाडाचा नाही. ससा, पण सशाचे कान. पैसा, पण पैशाला. मराठीत अशा ठिकाणी स चा श होतोच आणि प्रसादही त्यातून सुटत नाही. परिणाम असा की प्रसाद आणि प्रशांत दोघेही पश्याच होतात. एका वर्गात दोघे असले तर हाक कुणाला ते आडनावावरूनच कळणार. अमित, अमोल आणि अमेय यांचंही तेच, तिघेही अम्या.

'ऊ'ची चाल वेगळी आहे. तो समोरच्या व्यंजनाला हात लावत नाही, म्हणून प्रसादचा स स-च राहतो: प्रसू. प्रशांतचा प्रशू. म्हणजे पश्यामध्ये एक झालेले दोघे इथे पुन्हा वेगळे होतात. शिवाय 'प्र'ही बहुधा शाबूत राहतो, आणि प्रशांतच्या बाबतीत तो राहिला हे बरंच आहे. र गाळला असता तर बायकोने नवऱ्याला थेट 'पशू' म्हटलं असतं. (काही घरांत ते तसंही म्हटलं जातं, पण तिथे कारण व्याकरणाचं नसतं.)

दुसरा फरक लिंगाचा. 'या' मुळात पुरुषाचा: रड्या, वेड्या, काळ्या यांच्या पंगतीतला. 'ऊ' दोघांनाही चालतो. अमित अमू होतो आणि अमृताही अमूच. मुलींसाठी 'या'च्या जागी 'ई' येते आणि हाक मारताना तिचा 'ए' होतो. वैशालीची 'वैशी आली', पण 'ए वैशे, थांब!' लाडाची वेळ आली की तीच वैशू.

मला सगळ्यात रंजक वाटते ती मानाची बाजू. पूर्वी गावात ज्याला मान द्यायचा त्याला रामराव किंवा रामभाऊ म्हणत. ज्याला द्यायचा नसे तो राम्या. त्या 'या'तला तुच्छपणा मित्रांच्या कट्ट्यावर झिजून सलगी झाला, पण पुरता गेला नाही. एक साधी चाचणी आहे: नावापुढे नातं जोडून पाहा. राजूकाका, बाळूमामा सहज जमतात. 'राज्याकाका' मात्र म्हणवत नाही. तसंच 'अहो'. 'अहो राजूभाऊ' ठीक, 'अहो पश्या' फक्त थट्टेत. 'ऊ'ला आदर चालतो, 'या'ला सोबत 'अरे'च लागतो.

म्हणूनच ज्या घरात सून नवऱ्याला चारचौघांत 'अहो' म्हणते, तिथे एकांतातला पश्या सासूसमोर तोंडातून निसटला की पंचाईत होते. प्रशू निसटला तर सासू फार तर हसते. जोडप्यांच्या बोलण्यात दोन्ही रूपं आलटून पालटून येतात आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. गॅस सिलिंडर संपल्याचं कळवायला, ओला टॉवेल पलंगावर दिसला की, किंवा मॅच बघताना कोपरखळी मारायला 'पश्या'; ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून विचारायचं असेल तर 'प्रशू, बरं वाटतंय का?' आणि अख्खा 'प्रशांत' ऐकू आला, तर काहीतरी बिनसलंय हे त्याला पुढचं वाक्य ऐकायच्या आतच कळतं.