घरमालकाला 'सोलर बसवू का' विचारायच्या आधी: सोलर हीटर वेगळा, इन्व्हर्टर वेगळा

मागच्या हिवाळ्यात मी आमच्या घरमालक काकांना एकच मेसेज टाकला, "काका, सोलर आणि इन्व्हर्टर बसवायचा विचार आहे, चालेल का?" दहा मिनिटांत फोन आला, "नाही रे बाबा, लाइटचं मीटर माझ्या नावावर आहे, ती पॅनलची भानगड नको." काकांची चूक नव्हती, सोलर आणि इन्व्हर्टर एका वाक्यात आलं की कुणालाही छतावरचे वीज बनवणारे पॅनलच डोळ्यासमोर येतात. मला तर हवा होता अंघोळीच्या पाण्याचा हीटर, आणि लाइट गेली की पंखा चालू ठेवणारी बॅटरी. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. हीटर उन्हाने थेट पाणी तापवतो, वीज बनवत नाही. आणि इन्व्हर्टरवर गीझर काही चालत नाही, गीझर २००० वॅट ओढतो.

पण परवानगी मागताना खरा फरक पडतो तो जागेचा. इन्व्हर्टर राहतो फ्लॅटच्या आत, म्हणजे काका हो म्हणाले की विषय संपला. हीटर बसतो गच्चीवर, आणि सोसायटीत गच्ची सहसा सगळ्यांची असते, त्यामुळे काकांनी हो म्हटलं तरी कमिटीला लेखी विचारावं लागतं, आणि तो अर्ज मालकाच्या नावाने गेलेला बरा, भाडेकरूचं पत्र बऱ्याच ठिकाणी बाजूलाच पडतं.

इन्व्हर्टरचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पाणी भरलेली ५०-६० किलोची असते, म्हणजे भिंतीवर टांगायचा प्रश्नच नाही, जमिनीवर ट्रॉलीत ठेवायची. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो म्हणून बंद बेडरूम, कपाट किंवा देव्हाऱ्याच्या समईजवळची जागा नको, हवा खेळती असलेला पॅसेज बरा. आम्ही तीन पंखे, पाच एलईडी आणि वायफाय धरले तर साधारण २८० वॅट होतात, त्यावर चारेक तास निघतात. काकांना काळजी दोनच गोष्टींची होती, फरशीवर ॲसिडचे डाग आणि वायरिंगची तोडफोड. म्हणून दुसरा मेसेज असा केला:

"काका, इन्व्हर्टर पॅसेजमध्ये डीबीच्या खाली ठेवीन, खाली प्लास्टिकचा ट्रे असेल. भिंत फोडणार नाही, वायर पट्टीतून जाईल, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणतो. सोडताना काढून घेऊन जाईन, कनेक्शन पहिल्यासारखं करून देईन."

संध्याकाळी "ओके" आलं, सोबत 🙏.

हीटरला मात्र वेळ लागला. १०० लिटरचा हीटर पाण्यासकट दीडशे किलोच्या आसपास जातो, त्यामुळे स्लॅबच्या मधोमध नको, खाली बीम असेल तिथे किंवा कडेच्या भिंतीजवळ बरा. तोंड दक्षिणेला आणि सकाळपासून सावली नको, आमच्याकडे लिफ्टच्या खोलीची सावली पडायची म्हणून मी एक रविवार गच्चीवर जाऊन सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता फोटो काढले. साध्या हीटरमध्ये थंड पाणी स्वतःच्या उताराने येतं, त्यामुळे सोसायटीच्या टाकीचा तळ हीटरच्या टाकीपेक्षा वर असायला हवा, नाहीतर हीटर भरतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाइपची लांबी. गच्चीवरून आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत २० मीटर पाऊण इंची पाइप धरला तर त्यात जवळपास पाच लिटर थंड पाणी उभं असतं, म्हणजे रोज सकाळी पाव बादली पाणी आधी वाहून जाणार. म्हणून हीटर आमच्या बाथरूमच्या डक्टच्या बरोबर वर मागितला, हे ज्याच्या त्याच्या लक्षात येत नाही आणि मग नंतर रडतात. पाइपवर फोमचं कव्हर हवंच.

काकांच्या नावाने अर्जात असं लिहिलं: "हीटर डक्टच्या वर, टाकीच्या दक्षिणेला, साधारण दोन मीटर बाय दीड मीटर जागेत. वॉटरप्रूफिंगला ड्रिल मारणार नाही, स्टँडचे पाय सिमेंटच्या ठोकळ्यांत बसवू. पाइप डक्टमधून, बाहेरच्या भिंतीवरून नाही. गळती झाली तर दुरुस्ती आमची." ड्रिलच्या ओळीमुळेच चेअरमननी पुढे वाचलं असं काका म्हणाले, कारण मागे कुणीतरी डिशसाठी भोक पाडलं होतं आणि चौथ्या मजल्यावर दोन पावसाळे ओल येत होती.

एक भांडण आधीच मिटवून टाका, सोडताना काय होणार. इन्व्हर्टर तासाभरात निघतो. हीटर निघतो पण डक्टमधला पाइप निघत नाही, त्यामुळे ११ महिन्यांच्या करारावर हीटर परवडत नाही, तीनेक वर्षं राहायचं पक्कं असेल तरच. आमचं ठरलं की पाइप काकांचा, हीटर माझा, आणि जाताना त्यांना तो ठेवायचा असेल तर किंमत तेव्हा बोलू. हे चॅटमध्ये नाही, पुढच्या करारात एक ओळ म्हणून टाकलं.