सत्राचे पैसे भरण्याआधी: आमच्या कुंडली आणि टॅरो वाचनाबद्दल

आम्ही दोघं मिळून हे काम करतो. एक जण कुंडली पाहतो, दुसरी टॅरो. सगळी सत्रं व्हिडिओ कॉलवर होतात. पैसे भरण्याआधी तुम्हाला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे इथे लिहून ठेवलं आहे. कृपया पूर्ण वाचा.

भाकीत किती बारीक सांगता येतं?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "नक्की कोणत्या महिन्यात?" एका ग्राहक ताईंनी बढतीबद्दल हेच विचारलं होतं. जन्मवेळ त्यांनी आईच्या आठवणीवरून सकाळी साडेनऊ सांगितली. जन्मावेळी चंद्र भरणी नक्षत्रात, म्हणून जन्मतःच शुक्राची महादशा, म्हणजे शुक्राचा अंमल मानला जाणारा काळ, जो पूर्ण धरला तर २० वर्षांचा. त्या वेळेवरून मांडलं तेव्हा त्यांची पुढची दशा एप्रिलच्या सुरुवातीला बदलत होती. सत्राआधी आम्ही त्यांना विचारलं, जन्माचा दाखला घरात सापडेल का? सापडला. त्यावर वेळ होती सव्वानऊ.

पंधरा मिनिटांचाच फरक, पण हिशेब करून पाहा. चंद्र एका नक्षत्रातून साधारण २४ तासांत पुढे सरकतो, आणि जन्मवेळी त्याचा नक्षत्रातला जेवढा प्रवास उरलेला असतो, त्याच प्रमाणात पहिली दशा उरते. पंधरा मिनिटं म्हणजे त्या २४ तासांचा ९६ वा भाग. २० वर्षांचे २४० महिने, त्यांचा ९६ वा भाग म्हणजे अडीच महिने. दशा बदलण्याची तारीख एप्रिलच्या सुरुवातीवरून थेट जूनच्या मध्यावर गेली, आणि जन्मापासून मोजत गेल्यामुळे नंतरची प्रत्येक दशाही तेवढीच पुढे ढकलली गेली. कुंडलीतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, आणखी नाजूक असतं. ते साधारण दोन तासांत रास बदलतं, म्हणजे सुमारे चार मिनिटांना एक अंश. लग्न राशीच्या सीमेवर असेल तर पाच मिनिटांच्या चुकीनेही सगळी स्थानं एका घराने सरकतात.

म्हणून आमच्याकडे तारीख सांगितली जात नाही. जन्मवेळ दाखल्यावरची असेल तर आम्ही काही महिन्यांचा पट्टा सांगतो. वेळ "सकाळी कधीतरी" अशी असेल तर लग्नावर आधारलेलं काहीच बोलत नाही, फक्त चंद्रराशीवरून जेवढं येतं तेवढं सांगतो. अशा वेळी लहान सत्र घ्या असं आम्ही स्वतःच सुचवतो, कारण मोठ्या सत्राचे पैसे घेण्याइतकं आमच्याकडे बोलण्यासारखं नसतं. अंदाजी वेळेवर कुणी तुम्हाला दिवस आणि तारीख देत असेल, तर त्याने ती कशावरून काढली हे जरूर विचारा.

गणित बरोबर, मग फलितही बरोबर?

नाही, आणि हे आम्हाला स्पष्ट सांगायचं आहे. ग्रहांची स्थिती हे गणित आहे. त्यावरून आयुष्यात काय घडेल हे सांगणं ही परंपरा आहे, आणि ती कसोटीला उतरलेली नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली एक चाचणी २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. हुशार मुलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं, अशा दोन गटांच्या मिळून २०० कुंडल्या त्यांनी जमवल्या होत्या. २७ ज्योतिषांना त्यांतल्या प्रत्येकी ४० देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच ओळखायला सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही साधारण तेवढीच आली असती.

हे माहीत असूनही आम्ही हे काम करतो, कारण लोक आमच्याकडे येऊन आपल्या प्रश्नाकडे शांतपणे पाहतात, हे आम्ही रोज अनुभवतो. स्थानांच्या निमित्ताने नोकरी, घर, नाती यांवर एकेक करून बोलणं होतं. तुम्ही पैसे भरता ते या बोलण्याचे आणि आमच्या तयारीचे. "शंभर टक्के अचूक", "हमखास उपाय" असे शब्द आमच्या जाहिरातीत दिसले तर तो मजकूर आमचा नाही असं समजा.

टॅरोचं सत्र

७८ पत्त्यांचा संच, त्यात २२ मुख्य आणि चार गटांत मिळून ५६ लहान पत्ते. एक कॅमेरा चेहऱ्यावर, दुसरा वरून टेबलावर. पत्ते पिसताना तुम्ही "थांबा" म्हणता तिथे थांबायचं, आणि पत्ता तुमच्या डोळ्यांसमोर उलटायचा.

तेरावा पत्ता 'मृत्यू' निघाला की पडद्यापलीकडचा चेहरा उतरतो. एका काकांनी तर कॅमेराच बंद केला होता. अशा वेळी आमची ताई पत्ता कॅमेऱ्याजवळ धरते. १९०९ च्या प्रसिद्ध संचात पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे, पण मागे दोन बुरुजांमधून सूर्यही दिसतो. वाचणारे या पत्त्याचा अर्थ एक टप्पा संपणं असा लावतात. कुणाचं मरण आम्ही कोणत्याही पत्त्यातून सांगत नाही. आणि या पत्त्यानंतर "शांतीसाठी आणखी एक सत्र घ्या" असं कुणी सुचवलं, तर तिथेच सावध व्हा. भीती दाखवून पैसे मागण्याची सुरुवात नेमकी अशीच होते.

त्याच प्रश्नासाठी मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा सत्र घेणारेही असतात. त्यांना आम्ही तीन महिने थांबायला सांगतो. त्याआधीचं बुकिंग घेत नाही.

फी कशी ठरते

फी वेळेवर ठरते. प्रश्न किती मोठा किंवा माणूस किती अडचणीत आहे, याचा तिच्याशी संबंध नाही. कुंडलीच्या सत्रात ४५ मिनिटं बोलणं असतं, पण त्याआधी मांडणीला ३० मिनिटं आणि नंतर लेखी टिपणाला १५ मिनिटं लागतात. मिळून दीड तास, आणि फी त्या दीड तासाची. टॅरोला तयारी नसते, म्हणून ३० मिनिटांचं बोलणं आणि १० मिनिटांचं टिपण धरून ४० मिनिटांचीच फी घेतो. तासाचा दर दोन्हीकडे एकच आहे.

मिनिटागणिक पैसे घेणं आम्ही मुद्दाम टाळलं. मीटर चालू असला की सांगणाऱ्याला बोलणं लांबवण्याचा मोह होतो आणि ऐकणारा घड्याळाकडे पाहत घाईने प्रश्न विचारतो. सत्र पाच-सात मिनिटं लांबलं तरी वरचे पैसे मागत नाही. रत्नं, यंत्रं, पूजा यांपैकी काहीच आम्ही विकत नाही आणि कुणाकडे पाठवून त्याचं कमिशनही घेत नाही.

आमच्याकडून सत्र रद्द झालं तर पूर्ण पैसे परत. तुम्ही २४ तास आधी कळवलंत तरीही पूर्ण परत. सत्राच्या पहिल्या पंधरा मिनिटांत "हे माझ्यासाठी नाही" असं वाटलं तर तसं सांगा, अर्धी फी परत करू. "भाकीत खरं ठरलं नाही" या कारणाने पैसे परत मिळत नाहीत. ते खरं ठरेल असं आम्ही आधीही म्हटलेलं नसतं.

आजारपण, गर्भातलं मूल, कोर्टातला निकाल आणि शेअर्स यांवरचे प्रश्न आम्ही घेत नाही. त्यासाठी डॉक्टर, वकील आणि गुंतवणुकीचे जाणकार आहेत. जगणं नकोसं वाटतंय असं कुणी बोललं तर वाचन तिथेच थांबतं, पूर्ण फी परत जाते, आणि मदत करू शकेल अशा जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी त्यांचं बोलणं होईपर्यंत आम्ही कॉलवर थांबतो.

बुकिंग करताना जन्मतारीख, जन्मस्थळ, जन्मवेळ आणि ती वेळ कुठून कळली हे लिहा: दाखला, वही की कुणाची आठवण. मुख्य प्रश्न एकच, दोन ओळींत. दुसऱ्याची कुंडली दाखवायची असेल तर त्या व्यक्तीची संमती लागेल. सत्राचं ध्वनिमुद्रण तुम्हाला पाठवतो आणि तीस दिवसांनी आमच्याकडची प्रत पुसून टाकतो.