हिशेबाच्या वहीत बिटकॉइन का बसत नाही

दादरला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक काका मागच्या महिन्यात लिफ्टपाशी भेटले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "रुपयाचे दिवस भरले, बघा. यापुढे पैसा म्हणजे बिटकॉइनच." मी सहज विचारले, "तुमच्याकडे किती आहे?" "दीड लाखाचं," त्यांनी तत्काळ सांगितले. त्यांच्या दाव्याचे खंडन त्यांच्याच उत्तरात होते. ज्याचे दिवस भरले असे ते म्हणत होते, त्याच रुपयात त्यांनी नव्या पैशाचे मोजमाप केले.

पैसा तीन कामे करतो, असे अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक सांगते. तो विनिमयाचे माध्यम असतो, मूल्याचा संचय असतो आणि हिशेबाचे एकक असतो. यांपैकी पहिल्या दोन कामांवर हिरिरीने वाद होतात आणि तिसरे दुर्लक्षित राहते. माझ्या मते डिजिटल नाण्यांची खरी परीक्षा त्या तिसऱ्याच कामात आहे.

पहिल्या दोहोंचा निकाल थोडक्यात सांगता येतो. बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत नोंदले जातात, सरासरी दर दहा मिनिटांना एक ब्लॉक तयार होऊन आधीच्या ब्लॉकांच्या साखळीला जोडला जातो आणि एका ब्लॉकमध्ये साधारण दोन ते चार हजार व्यवहार मावतात. गर्दीच्या वेळी विरारची एक लोकल याहून अधिक माणसे घेऊन जाते. मुख्य साखळीबाहेर व्यवहार करून नंतर नोंद करण्याच्या लाइटनिंगसारख्या सोयी निघाल्या आहेत, त्यामुळे या पेपरात बिटकॉइन काठावर पास होऊ शकेल. संचयाचे म्हणाल तर दहा वर्षे धरून बसलेला माणूस श्रीमंत झाला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69,000 डॉलरला घेतलेल्याने वर्षभरात तीन चतुर्थांश मूल्य गमावले. सोन्याचेही भाव हलतात, तरी त्याला कोणी संचय म्हणायचे थांबवत नाही, म्हणून येथेही शून्य गुण देणे अन्यायाचे होईल.

हिशेबाचे एकक म्हणजे ज्यात किंमत बोलली जाते, भाडे ठरते, पगार लिहिला जातो आणि कर्ज नोंदले जाते ते माप. त्यासाठी नाणे हातात असण्याचीही गरज नसते. आण्यांचा व्यवहार 1957 मध्ये दशमान पद्धत आल्यावर मागे पडला, तरी पिकाचा अंदाज 'आणेवारी' या शब्दाने आजही सांगितला जातो आणि एखादी गोष्ट 'सोळा आणे' खरी असते. उलट झवेरी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या सोने विकले गेले, पण वडापावचा भाव गुंजेत कोणी लिहिला नाही. माध्यम, संचय आणि माप ही तीन कामे अशी वेगळी होऊ शकतात.

या मापाची परीक्षा एका देशाने प्रत्यक्ष घेतली. एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील देशाने 7 सप्टेंबर 2021 पासून बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. 'चिव्हो' हे सरकारी वॉलेट घेणाऱ्या प्रत्येकाला 30 डॉलरचे बिटकॉइन भेट मिळाले आणि दुकानदारांना ते स्वीकारणे कायद्याने बंधनकारक झाले. याच कायद्यात कोणतीही किंमत बिटकॉइनमध्ये सांगण्याची मुभा होती, मात्र हिशेबासाठी संदर्भ चलन म्हणून अमेरिकी डॉलरच वापरावा, असे एक कलमही होते. इतक्या उत्साही सरकारलाही वही डॉलरमध्येच ठेवावी लागली. जानेवारी 2025 मध्ये स्वीकाराची सक्तीही काढून टाकण्यात आली.

असे का झाले, याचे उत्तर बिटकॉइनच्या ज्या रचनेवर त्याचे चाहते लुब्ध असतात, तिच्यातच आहे. आणि ती रचना खरोखर सुंदर आहे.

कोणत्याही खनिजाचा भाव वाढला की अधिक लोक खाणीत उतरतात, उत्पादन वाढते आणि कालांतराने भावाला थोडा लगाम बसतो. बिटकॉइनमध्ये नवी नाणी मिळवणारे संगणक, म्हणजे मायनर, एका आकडी कोड्याचे उत्तर अंदाजाने शोधत असतात. ज्याला उत्तर सापडेल त्याचा ब्लॉक साखळीत लागतो आणि त्याला नवी नाणी मिळतात. भाव चढला की येथेही मायनर वाढतात आणि उत्तरे लवकर सापडू लागतात. पण दर 2016 ब्लॉकनंतर प्रत्येक संगणकातील आज्ञावली मागे वळून पाहते की, जे काम चौदा दिवसांत व्हायला हवे होते ते किती दिवसांत झाले. ते दहा दिवसांत झाले असेल, तर कोडे 1.4 पट कठीण केले जाते आणि गती पुन्हा दहा मिनिटांवर येते. उलट दिशेनेही हेच घडते. 2021 मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातल्यावर असंख्य यंत्रे एकदम बंद पडली, ब्लॉकला सरासरी चौदा मिनिटांच्या आसपास लागू लागली आणि 3 जुलै रोजी कोडे सुमारे 28 टक्क्यांनी सोपे झाले. कोणी अध्यक्ष नाही, बैठक नाही, आणि तरी घड्याळ लागले.

याचा परिणाम असा की मागणी दुप्पट झाली तरी पुरवठा मूळ वेळापत्रकाच्या पुढे फारसा सरकत नाही. दर 2,10,000 ब्लॉकनंतर बक्षीस निम्मे होते, एप्रिल 2024 पासून ते 3.125 नाणी आहे आणि एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांपुढे जाणार नाहीत. (बक्षीस निम्मे झाले की भाव चढतोच, हा समज मुहूर्तावर सोने घेण्याच्या जातीचा आहे, पंचांगातल्या ग्रहणासारखी जी घटना सर्वांना वर्षे आधी ठाऊक असते, ती भावात आधीच धरलेली असायला हवी.) पुरवठा ताठ असल्याने मागणीतला प्रत्येक चढउतार सगळाच्या सगळा किमतीवर आदळतो. रिझर्व्ह बँक लोकांच्या गरजेनुसार रोकड आणि व्याजदर हलवते, तेव्हा ती हाच धक्का अंगावर घेत असते. तिच्या चुकाही होतात आणि महागाईच्या रूपाने आपण त्या भोगतो, पण महिन्याभरात दूध निम्म्या किंवा दुप्पट भावाचे होत नाही.

कर्जाच्या वहीत हा धक्का कसा दिसतो ते पाहू. समजा, परळच्या एका छापखानदाराने 1 जानेवारी 2020 रोजी एक बिटकॉइन कर्ज घेऊन यंत्र बसवले. तेव्हा बिटकॉइनचा भाव सुमारे 7,200 डॉलर होता. दोन वर्षांनी, 2021 संपताना, तेच एक बिटकॉइन परत करायला त्याला सुमारे 46,000 डॉलर लागले असते. लग्नपत्रिका छापण्याचा दर काही सहापट झाला नव्हता, म्हणजे धंदा नीट चालूनही तो बुडाला असता. त्याच सुमारास त्याने कामगाराचा पगार बिटकॉइनमध्ये ठरवला असता, तर 2022 च्या अखेरीस भाव 16,500 च्या आसपास आल्यावर कामगाराच्या घरी जेमतेम एक तृतीयांश पगार पोचला असता. आधी ऋणको मेला असता, मग नोकर.

ही अडचण ओळखूनच स्टेबलकॉइन आली. एका नाण्यामागे एक डॉलर राखीव ठेवायचा, म्हणजे माप डॉलरचे आणि वाहतूक संगणकाची. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा 'यूएसडीसी' या नाण्यामागच्या राखीव निधीपैकी 3.3 अब्ज डॉलर तिथे अडकल्याचे कळताच ते नाणे काही काळ 90 सेंटच्याही खाली गेले. ते घसरले हे लोकांना कळले, कारण मोजण्याची पट्टी त्या नाण्याबाहेर होती.

रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया 1 डिसेंबर 2022 रोजी प्रायोगिक स्वरूपात सामान्यांसाठी सुरू झाला, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई होती. त्याला स्वतःचा भावच नाही. नोटांच्याच मूल्यांत निघणारा तो रुपया आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी त्याविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "पण तो वाढतो का?"