‘अर्थ न बदलता’ वाक्य बदलताना नेमकं काय होतं?

दहावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत वाक्यरूपांतराचा प्रश्न एका ओळीचा असतो. एक वाक्य दिलेलं असतं आणि कंसात ‘नकारार्थी करा’ किंवा ‘प्रश्नार्थी करा’ असं लिहिलेलं असतं. त्यामागची अट बहुतेकांना पाठ असते, ती म्हणजे वाक्याचा अर्थ बदलता कामा नये. गुण जातात ते याच अटीवर, कारण अर्थ बदलला की नाही हे तपासायचं कसं, हे फारसं कोणी समजावून सांगत नाही.

नकारापासून सुरुवात करू. ‘पाणी गरम आहे’ या वाक्यात नुसतं ‘नाही’ घातलं, तर ‘पाणी गरम नाही’ असं होऊन अर्थ उलटतो. तो पुन्हा सरळ करायचा तर आणखी एक उलट हवी, म्हणून आपण ‘गरम’ काढून ‘थंड’ घालतो आणि लिहितो, ‘पाणी थंड नाही.’ शब्द एकदा उलटला, क्रियापद एकदा उलटलं आणि अर्थ जागेवर आला, असं वाटतं. पण तो आला नाही. पाणी कोमट असेल तरीही ‘पाणी थंड नाही’ हे वाक्य खरंच ठरतं.

याचं कारण विरुद्धार्थी शब्दांत आहे. त्यांच्या जोड्या दोन जातींच्या असतात आणि तर्कशास्त्रात हा फरक अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून मानला जातो. काही जोड्यांच्या मध्ये जागाच नसते, जसं हजर–गैरहजर, पास–नापास, शक्य–अशक्य. यातलं एक नसेल तर दुसरं असतंच. गरम–थंड, श्रीमंत–गरीब, उंच–ठेंगणा या जोड्यांच्या मध्ये मात्र मोठी मोकळी जागा असते. श्रीमंत नसलेला प्रत्येक जण गरीब असतो असं नाही.

जोडी कोणत्या जातीची, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. दोन्ही शब्द ‘हेही नाही, तेही नाही’ या साच्यात घालून पाहा. ‘पाणी गरमही नाही, थंडही नाही’ हे वाक्य सहज बोलता येतं, म्हणजे मध्ये जागा आहे. ‘सुनील हजरही नाही, गैरहजरही नाही’ असं म्हटलं तर ऐकणारा चक्रावेल, म्हणजे मध्ये जागा नाही. ‘सुनील हजर होता’ याचं ‘सुनील गैरहजर नव्हता’ हे रूपांतर म्हणूनच निर्धास्त लिहावं.

मध्ये जागा असलेली जोडी आली तर? शालेय परीक्षेत ‘शाळा मोठी आहे’ याचं ‘शाळा लहान नाही’ हे उत्तर सहसा मान्य होतं, पण माझ्या मते ते कामचलाऊ आहे. अर्थाचा जोर टिकवायचा असेल तर ‘काही कमी’ हे शब्द हाताशी ठेवावेत. ‘मीना हुशार आहे’ याचं ‘मीना मठ्ठ नाही’ असं केलं तर मीनाचं कौतुक बरंच उतरतं. ‘मीना काही कमी हुशार नाही’ यात ते टिकतं.

शब्द बरोबर निवडूनही क्रियापदात घसरायला होतं. मराठीत नकार घालताना क्रियापदाचं रूपच बदलतं. ‘जाते’चं ‘जात नाही’, ‘होता’चं ‘नव्हता’, ‘बोलावे’चं ‘बोलू नये’ आणि ‘बोल’चं ‘बोलू नकोस’ होतं. भविष्यकाळ तर जास्तच फसवा, कारण ‘विसरेन नाही’ असं रूप मराठीत चालतच नाही. ‘मी तुझी आठवण ठेवीन’ याचं नकारार्थी रूप ‘मी तुला विसरणार नाही’ असं होतं. घाईत ‘विसरत नाही’ लिहिलं जातं आणि पुढे पाळायचं वचन आजची सवय होऊन बसतं. काळ बदलला म्हणजे अर्थही बदलला.

प्रश्नार्थी रूपांतरातही हीच दुहेरी उलट लागते, फक्त तिचा अर्धा भाग प्रश्न स्वतःच करतो. ‘व्यायाम आवश्यक आहे’ याचं ‘व्यायाम आवश्यक आहे का?’ असं केलं, तर वाक्य प्रश्नार्थी झालं खरं, पण ठाम विधानाची शंका झाली. ‘व्यायाम आवश्यक नाही का?’ असं विचारलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘आहेच’ येतं. कसोटी हीच आहे. आपण लिहिलेल्या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर मनात द्यावं. ते मूळ विधानाशी जुळलं तर रूपांतर बरोबर. म्हणून होकारार्थी विधानाच्या प्रश्नात नकार येतो आणि नकारार्थी विधानाच्या प्रश्नातून तो निघून जातो. ‘आईचे उपकार कोणीही फेडू शकत नाही’ याचा प्रश्न ‘आईचे उपकार कोण फेडू शकेल?’ असा होतो, आणि त्याचं अपेक्षित उत्तर ‘कोणीही नाही’ हेच असतं.

सगळ्यात जास्त चुका ‘सर्व’, ‘प्रत्येक’, ‘फक्त’ या शब्दांपाशी होतात. हे वाक्य घ्या: ‘गावातील प्रत्येक माणसाला पाण्याची किंमत कळते.’ घाईत लिहिलेलं नकारार्थी रूप असं असतं: ‘गावातील प्रत्येक माणसाला पाण्याची किंमत कळत नाही.’ याचा अर्थ काहींना कळते आणि काहींना कळत नाही, म्हणजे मूळ विधानच खोटं ठरलं. इथे दोन जागी बदल करावा लागतो. ‘प्रत्येक’च्या जागी ‘एकही’ आणायचा आणि ‘कळते’च्या जागी ‘न कळणारा’. मग वाक्य होतं: ‘पाण्याची किंमत न कळणारा एकही माणूस गावात नाही.’ आता अपवाद उरला नाही आणि अर्थ मूळ विधानाइतकाच पक्का राहिला.

त्याच वाक्याचा प्रश्न करायचा तर ‘प्रत्येक माणसाला’ऐवजी ‘कोणत्या माणसाला’ येतं आणि क्रियापद नकारात जातं: ‘गावातील कोणत्या माणसाला पाण्याची किंमत कळत नाही?’ मनात उत्तर द्या. ‘अशा एकाही माणसाला नाही’, म्हणजे प्रत्येकाला कळते. जुळलं.

‘फक्त’चंही असंच आहे. ‘फक्त रमेश वेळेवर आला’ या एका वाक्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. रमेश वेळेवर आला, आणि इतर कोणी वेळेवर आलं नाही. ‘रमेश उशिरा आला नाही’ या उत्तरात दुसरी गोष्ट गळते. ‘रमेशशिवाय कोणीही वेळेवर आले नाही’ यात दोन्ही राहतात.

आता उरलं उद्गारार्थी वाक्य. इथे उलट करायची नसते, प्रमाण दाखवणारा शब्द बदलायचा असतो. ‘हा देखावा फार सुंदर आहे’ यातला ‘फार’ निघतो, त्याच्या जागी ‘किती’ येतो आणि बऱ्याचदा क्रियापद पुढे सरकतं: ‘किती सुंदर आहे हा देखावा!’ ‘फार’ तसाच ठेवून शेवटी नुसतं उद्गारचिन्ह देणं हे अर्धवट उत्तर आहे. उलट दिशेने जाताना गाळलेलं सगळं परत भरावं लागतं. ‘केवढी ही गर्दी!’ यात ‘मोठी’सारखं विशेषणही नाही, क्रियापदही नाही. विधान करताना ‘ही गर्दी खूप मोठी आहे’ असं दोन्ही आणून ठेवावं लागतं.

यावरून एक मर्यादाही लक्षात येते. मूळ वाक्यात कमी-जास्त होणारी गोष्टच नसेल, तर ‘किती’ला बसायला जागा मिळत नाही. पाण्याच्या किमतीचं आपलं वाक्य ‘प्रत्येकाला किती कळते!’ असं केलं, तर मुळात नसलेला ‘खूप’ त्यात घुसतो. तेच वाक्य ‘गावातील माणसांना पाण्याची किंमत फार चांगली कळते’ असं दिलेलं असेल, तर काहीच अडत नाही: ‘किती चांगली कळते गावातील माणसांना पाण्याची किंमत!’